एका वाक्यात माठ कसा मावायचा? फोटोच्या ऑल्ट टेक्स्टबद्दल मदत हवी

पारावरची_वाचक

नमस्कार मंडळी. आमच्या खानापूर तालुक्यातल्या एका छोट्या वाचनालयासाठी आम्ही कारागिरांच्या फोटोंचं ऑनलाइन प्रदर्शन करतोय. कुंभार, बुरूड, लोहार, घोंगडी विणणारे असे एकूण ६४ फोटो आहेत. प्रत्येक फोटोचं सविस्तर वर्णन मी लिहून काढलंय. तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे लिहायला अडचण आली नाही. आता वेबसाइट करणारा मुलगा म्हणतो की स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या दृष्टिहीनांसाठी प्रत्येक फोटोला एका वाक्याचं ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे ऐकू येणारं वर्णन, द्या, एवढं मोठं चालणार नाही. तिथे माझं घोडं अडलंय. नमुन्याला दुसऱ्या नंबरच्या फोटोचं वर्णन देते:

"खानापूरचा आठवडी बाजार. सकाळची वेळ असावी, कारण सावल्या लांब आहेत. डावीकडे पिंपळाचं मोठं झाड आणि त्याला दगडी पार. पाराला टेकून एक सायकल उभी आहे. पुढे गोणपाटावर लाल आणि काळी मडकी, माठ, पणत्या मांडल्या आहेत. त्यांच्या मागे पांढरा पटका बांधलेला म्हातारा कुंभार मांडी घालून बसला आहे. त्याच्या हातांवर वाळलेली माती दिसते. समोर हिरव्या इरकल साडीतली एक बाई उभी आहे. तिने एक छोटा माठ कानाजवळ धरला आहे आणि बोटांच्या पेरांनी ती तो वाजवते आहे. तिची नजर कुठेच नाही, ती फक्त ऐकते आहे. कुंभार तिच्या चेहऱ्याकडे पाहतो आहे. मागून दोन-तीन माणसं पिशव्या घेऊन जाताना पुसट दिसतात. उजव्या कोपऱ्यात एका दुकानाची कन्नड पाटी अर्धवट दिसते."

याचं मी केलेलं एक वाक्य असं:

"खानापूरच्या आठवडी बाजारात पिंपळाच्या पाराजवळ गोणपाटावर मांडलेल्या लाल-काळ्या मडक्यांच्या राशीमागे मांडी घालून बसलेल्या, पांढरा पटका बांधलेल्या वृद्ध कुंभाराकडून घेण्यापूर्वी छोटा माठ कानाजवळ धरून पेरांनी वाजवून पाहणारी हिरव्या इरकल साडीतली स्त्री."

मुख्य काही सोडलं नाही आणि वाक्यही एकच आहे. पण हे ऐकणाऱ्याला खरंच उपयोगी पडेल का? स्क्रीन रीडर वापरणारं कोणी इथे असेल तर मोकळेपणाने सांगा.

शहापूरकर

ताई, नियम सोपा आहे. ऑल्ट १२५ अक्षरांच्या आत पाहिजे, त्यापुढचं स्क्रीन रीडर वाचतच नाही. ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला हेच सांगितलं होतं. तुमचं वाक्य दुप्पट तरी भरेल. विशेषणं सगळी काढून टाका, आपोआप बसेल.

खडकगल्ली

वाक्य वाचता वाचता बाजार उठला की ताई! :)

निपाणीचा_दत्ता

पारावरच्या ताई, नमस्कार. मी जन्मापासून दृष्टिहीन. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होतो, आता रिटायर झालोय. घरी कॉम्प्युटरवर एनव्हीडीए, खिशात फोन आणि त्यावर टॉकबॅक, दोन्ही स्क्रीन रीडरच. तुमचं वाक्य आता चारदा ऐकलं. काय झालं ते सांगतो, राग मानू नका.

पहिल्यांदा बाजार आला, तो डोक्यात मांडला. मग पिंपळ आला, पार आला. म्हटलं पाराचा फोटो आहे. मग मडकी आली. म्हटलं, बरं, मडक्यांचा आहे. मग कोणीतरी बसलंय, पटका बांधलाय, कुंभार आहे. म्हटलं आता सापडलं, कुंभाराचा फोटो. तर पुढे "कुंभाराकडून". म्हणजे तोही नव्हे! मग माठ वाजतोय, पण कोण वाजवतंय ते अजून कळलेलं नाही. आणि अगदी शेवटचा शब्द येतो, "स्त्री". तोवर सगळी मांडामांड पाच वेळा मोडून झाली.

तुम्ही डोळ्यांनी वाचताना शेवटाकडे एक नजर टाकून मागे येता. मला तसं करता येत नाही, शब्द ओळीने एकामागून एक येतात. फोनवर तर अख्खं ऑल्ट एका दमात ऐकू येतं. मधलं काही निसटलं की मी बहुतेकदा पुन्हा पहिल्यापासूनच ऐकतो.

शहापूरकर, १२५ च्या पुढचं वाचत नाही हे चूक आहे. मी रोज ऐकूलालोय की, चांगली लांबलचक ऑल्टं येतात आणि शेवटपर्यंत वाचली जातात. त्रास लांबीचाही होतो, नाही म्हणत नाही. पण ताईंच्या वाक्यात त्याहून मोठा त्रास ते उलटं बांधलंय याचा आहे.

अनघा_टिळकवाडी

दत्ताकाकांनी नेमकं सांगितलंय. मी पुण्यात वेबसाइट्सचं काम करते, माहेर टिळकवाडीचं. ॲक्सेसिबिलिटीच्या तपासण्या गेली काही वर्षं करतेय आणि मराठी साइट्सवर हीच अडचण मला सगळ्यात जास्त दिसते.

ऑल्टबद्दलचे बहुतेक सल्ले इंग्रजीत लिहिलेले आहेत. महत्त्वाचं आधी सांगा, असं ते म्हणतात. इंग्रजीत ते सहज होतं, कारण "बाई" आधी येते आणि तिची साडी, तिच्या हातातला माठ तिच्या मागून येतात. मराठीत आपण एका वाक्यात सगळं कोंबायला गेलो की "बसलेल्या", "बांधलेल्या", "पाहणारी" अशी शेपटं नामाच्या आधी लागत जातात आणि नाम सगळ्यात शेवटी ढकललं जातं. शाळेत आपल्याला वाक्य संकलन शिकवलं तेही असंच. परीक्षेत त्याला मार्क मिळायचे, पण इथे ऐकणारा कर्त्याची वाट बघत बसतो.

उपाय व्याकरणातच आहे. नामाने संपणारं वाक्य सोडा आणि साधं क्रियापदाने संपणारं घ्या. कर्ता पहिल्या दोन शब्दांत आला पाहिजे. म्हणजे "माठ वाजवून पाहणारी स्त्री" ऐवजी "बाई माठ वाजवून पाहते आहे".

१२५ चा आकडा कुठून आला तेही सांगते. जॉज नावाचा स्क्रीन रीडर लांब ऑल्टचे साधारण तेवढ्या लांबीचे तुकडे पाडून वाचायचा. ते तुकडे म्हणजेच मर्यादा, असा समज त्यातून पसरला. डब्ल्यूसीएजी या मूळ नियमावलीत असा आकडा नाही. एक्सवर १००० अक्षरांपर्यंत ऑल्ट लिहिता येतं, मॅस्टोडॉनवर १५०० पर्यंत.

शहापूरकर

आकडा नियमात नसेल तर मागे घेतो. पण ताईंसारख्यांना काहीतरी माप हवंच ना? नाहीतर प्रत्येक जण निबंध लिहील.

अनघा_टिळकवाडी

माप हवं हे मान्य. पण देवनागरीत अक्षरं मोजणं फसवं असतं. कॉम्प्युटर मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजतो. "क्षेत्र" आपल्याला दोन अक्षरं वाटतात, मशीनला ती सात. म्हणून मी शब्द मोजते, वीसच्या आसपास. आणि खरं माप म्हणजे मोठ्याने एकदा म्हणून बघायचं. एका श्वासात म्हणता आलं आणि समोरच्याला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही, तर ते बसलं.

नंदगडची_सून

माझाही हाच प्रश्न आहे! आमच्या महिला मंडळाच्या हळदीकुंकवाची पत्रिका फोटो म्हणून टाकते. त्यात तारीख, वेळ, देवळाचा पत्ता, पाहुण्यांची नावं, सगळं मराठी आणि कन्नड दोन्हींत असतं. ते एका वाक्यात कसं आणायचं? फोटोखाली "सर्वांनी यावे" एवढं लिहिते, ते ऑल्ट झालं का?

अनघा_टिळकवाडी

वहिनी, तुमचं प्रकरण थोडं वेगळं आहे. फोटोखाली जे सगळ्यांना दिसतं ते कॅप्शन. ऑल्ट डोळ्यांना दिसत नाही, ते चित्राला आतून जोडलेलं असतं. आणि पत्रिकेत चित्र फारसं नसतंच, मजकूरच असतो. तो एका वाक्यात आणायचा प्रयत्न करू नका, तारीख किंवा पत्ता गळेल. सगळा मजकूर पोस्टमध्येच टाइप करा आणि ऑल्टमध्ये एवढंच लिहा: "हळदीकुंकवाची पत्रिका, पूर्ण मजकूर पोस्टमध्ये दिला आहे."

निपाणीचा_दत्ता

वहिनी, हे नक्की करा. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर पत्रिका फोटो म्हणून येते आणि मला नातवाला विचारावं लागतं, कुठं जायचं रे?

नंदगडची_सून

कळलं दत्ताकाका. पुढच्या पत्रिकेपासून टाइप करून टाकते. जे बघू शकतात त्यांनाही मोबाईलवर झूम करायला लागणार नाही.

पारावरची_वाचक

दत्ताभाऊ, राग कसला. तुम्ही "पाच वेळा मोडली" म्हणालात तेव्हा मी डोळे मिटून नातीला ते वाक्य वाचायला लावलं. खरंच, "स्त्री" येईपर्यंत मीच हरवले.

आता असं केलंय: "बाई माठ कानाजवळ धरून वाजवून पाहते आहे."

पण जीव तुटतो हो. कुंभाराच्या हातावरची माती गेली, पिंपळ गेला, पार गेला. आणि प्रदर्शन कारागिरांचं, त्यातून कुंभारच गेला!

निपाणीचा_दत्ता

आता सरळ आलं. पण ताई, मला वाटलं बाई कुंभारीण आहे, माल भाजून झाल्यावर तपासतेय. आमच्याकडं कुंभारणी बाजारात बसतात, त्यामुळं तेच मनात आलं. ती गिऱ्हाईक आहे हे फक्त मोठ्या वर्णनात कळलं.

अनघा_टिळकवाडी

ताई, काय ठेवायचं ते ठरवायला एकच प्रश्न विचारते. हा फोटो त्या पानावर कशासाठी लावलाय? शेजारी काय लिहिलंय?

पारावरची_वाचक

शेजारी माठ पारखायची माहिती आहे. नीट भाजलेला माठ वाजवला की खणखणीत वाजतो, आणि कुठे बारीक तडा असेल तर आवाज बद्द येतो. डोळ्यांना न दिसणारा तडा कानाला कळतो. हे आम्हाला एका म्हाताऱ्या कुंभारानेच सांगितलं. तो हेही म्हणाला की बाई माठ वाजवायला लागली की मी तिच्या तोंडाकडे बघतो, पसंत पडला की नाही ते तिथे आधी कळतं.

अनघा_टिळकवाडी

मग तुमचं उत्तर इथेच आहे. त्या पानावर फोटोचं काम दोन गोष्टी दाखवायचं आहे, बाई आवाज ऐकते आहे आणि कुंभार तिचा चेहरा वाचतो आहे. हे दोन्ही वाक्यात आले पाहिजेत. पिंपळ, पार, सायकल, मागची माणसं, लांब सावल्या यांच्याशिवाय ती माहिती अडत नाही. "खानापूरचा आठवडी बाजार" पानाच्या मथळ्यात आधीच आहे, तो पुन्हा ऐकवायला नको. मी असं लिहीन:

"गिऱ्हाईक बाई छोटा माठ कानाजवळ धरून बोटांच्या पेरांनी वाजवून बघते आहे आणि मडक्यांमागे बसलेला म्हातारा कुंभार तिच्या चेहऱ्याकडे पाहतो आहे."

वीस शब्द झाले. "आणि" मुद्दाम ठेवलाय. तिथे दोन सरळ वाक्यं जोडली जातात, त्यामुळे ऐकणारा पहिलं चित्र पूर्ण करून दुसऱ्याकडे जातो. तुमच्या पहिल्या वाक्यात कुंभार बाईच्या आत अडकला होता.

हाच फोटो उद्या कुंभाराच्या घराण्याबद्दलच्या पानावर लावलात तर वाक्य बदलेल. तिथे कुंभारापासून सुरुवात करा, हातावरची माती तिथे येईल आणि बाई मागे जाईल.

शहापूरकर

मोजलं. मात्रा, मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून १३६ भरतात! अकरा जास्त. तरीही सुटसुटीत वाटतंय, हे कबूल.

निपाणीचा_दत्ता

एकदाच ऐकलं. लागलं. आणि ती आवाज ऐकतेय हे कळल्यावर फोटो माझ्या ओळखीचा झाला. मीही माठ असाच घेतो.

काळी_माती

मी चिकोडीकडचा, फोटो काढायचा नाद आहे. धागा वाचून एक शंका. ताईंच्या फोटोत काहीतरी घडतंय, म्हणून क्रियापद सापडलं. माझ्याकडे बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीच्या छताचा फोटो आहे. मंडपाच्या छतातून खाली उमललेलं प्रचंड दगडी कमळ. त्यात काहीच घडत नाही. मी लिहिलं होतं: "रट्ट राजवटीत १२०४ साली बांधलेल्या, चालुक्य शैलीच्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या मुखमंडपाचे अप्रतिम कोरीव छत." दत्ताकाका, हे कसं वाटतं?

निपाणीचा_दत्ता

माहिती छान आहे, पण मला दिसलं काय? "अप्रतिम" म्हणजे तुम्हाला आवडलं, एवढं कळलं. कमळ आहे हे तुम्ही आम्हाला इथे सांगितलंत, ऑल्टमध्ये सांगितलंच नाही.

काळी_माती

अरे हो की! कमळच राहिलं.

अनघा_टिळकवाडी

हे फार वेळा होतं. फोटोबद्दल जे ठाऊक असतं ते ऑल्टमध्ये जातं आणि जे दिसतं ते बाहेर राहतं. १२०४ साल फोटोत दिसत नाही. ते लेखात लिहा, तिथे बघणाऱ्यांनाही मिळेल. ऑल्टमध्ये जागेची ओळख आणि दृश्य पुरे: "कमल बस्तीच्या मंडपात छतातून एक मोठं दगडी कमळ उलटं, खाली तोंड करून उमललं आहे." पाकळ्यांवरचं कोरीवकाम वगैरे सगळं फोटोखालच्या परिच्छेदात द्या. पूर्वी मोठ्या वर्णनासाठी एचटीएमएलमध्ये `longdesc` नावाची सोय होती, ती आता बाद झाली आहे. साधा परिच्छेद सगळ्यांत बरा, कारण त्यात स्क्रीन रीडरवाल्यांना ओळीओळीने मागेपुढे जाता येतं.

ताई, तुमच्यासाठीही हेच. पिंपळ आणि सायकल फेकून द्यायची नाही. तुमचं मोठं वर्णन आहे तसं फोटोखाली ठेवा. ज्याला हवं तो ऐकेल.

पारावरची_वाचक

हे आधी कोणी सांगितलं असतं तर झोप लागली असती! मला वाटलं होतं, एक वाक्य ठेवायचं म्हणजे बाकीचं पुसायचं.

जांबोटी_रोड

उशिरा लिहितेय. मी ३१ वर्षांची होईपर्यंत बघत होते, मग डोळ्याच्या पडद्याच्या आजाराने दृष्टी गेली. दत्ताकाकांशी बहुतेक सगळं जुळतं, एक सोडून. हिरवी इरकल साडी का काढली? मला रंग आठवतात. इरकलीचा हिरवा म्हटलं की आजीची पेटी उघडल्यासारखं होतं, काठासकट सगळं समोर येतं. "बाई" एवढंच ऐकलं की ती मला दिसत नाही, नुसती सावली उभी राहते.

निपाणीचा_दत्ता

ताई, तुमचं म्हणणं समजतं. माझ्यासाठी हिरवा हा शब्द आहे, त्यापुढं काही नाही. तरी रंगाचं काम असेल तिथं तो मला हवाच. मडकं लाल भाजलंय की काळं, यावरून ते कसं भाजलं ते कळतं. तिथं रंग सांगाच. साडीचा रंग इथं काय काम करतो?

जांबोटी_रोड

काम करतो असं नाही. पण बघणाऱ्याला तो फुकट मिळतो, मग मला का नको? दोनच शब्द आहेत. "हिरव्या इरकलीतली गिऱ्हाईक बाई". कर्ता तरीही तिसऱ्या-चौथ्या शब्दावर येतो.

काळी_माती

मला दोघांचंही पटतंय आणि त्यामुळे काय लिहावं ते कळत नाहीये.

अनघा_टिळकवाडी

यावर माझ्याकडे ठाम उत्तर नाही. माझ्या ओळखीच्या वापरणाऱ्यांतही दोन्ही मतं आहेत. मी साधारणपणे रंग खालच्या परिच्छेदात ठेवते, पण जांबोटी रोडताईंचं "फुकट मिळतो" हे डोक्यात राहील.

खडकगल्ली

"म्हातारा" चालतं का पण? त्याचं वय कुणी विचारलं? आणि माझे काका म्हणतात, "कुंभार" लिहिलं की जात लिहिल्यासारखं होतं.

पारावरची_वाचक

इथे तो मडकी विकतोय, धंदा फोटोत दिसतोय, म्हणून "कुंभार" योग्य वाटतं. त्यांना स्वतःला विचारलं तर ते अभिमानाने सांगतात. पण फोटो ४० मध्ये एक बाई नुसती दारात बसली आहे. तिथे मी "कुंभारीण" लिहिलं होतं, ते काढते. ते फोटोत दिसत नाही, मला ठाऊक आहे एवढंच.

निपाणीचा_दत्ता

ताई, तुम्ही काल चाचणीची लिंक पाठवली होती ती उघडली. कॉम्प्युटरवर G दाबत एकेका फोटोवर गेलो. आवाज "ग्राफिक" म्हणतो आणि पुढं काहीतरी भलतंच बोलतो, मराठी एक शब्द नाही. माझी बाकीची मराठी पानं नीट वाचली जातात.

अनघा_टिळकवाडी

ताई, त्या मुलाला पानाच्या कोडमधली सुरुवातीची `html` ओळ बघायला सांगा. तयार टेम्प्लेट घेतलं की तिथे इंग्रजी भाषा लिहिलेली असते. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो आणि तो आवाज देवनागरीपुढे गप्प बसतो किंवा काहीही उच्चारतो. असं हवं:

```html
<html lang="mr">
<img src="math-02.jpg" alt="गिऱ्हाईक बाई छोटा माठ...">
```

आपल्या भागात आणखी एक भानगड असते. तुमच्या साइटचं कन्नड पानही असेल, तिथे `lang="kn"` आणि ऑल्टही कन्नडमध्येच हवं. मराठी ऑल्ट तसंच चिकटवलं तर कन्नड आवाज ते वाचायला जाईल. कन्नड पानावर एखादं ऑल्ट मराठीतच ठेवायचं असेल तर त्या `img` वर `lang="mr"` लावा. मात्र एकाच ऑल्टच्या आत अर्धं मराठी, अर्धं कन्नड अशी भाषा बदलता येत नाही, कारण त्या अवतरणचिन्हांत नुसता मजकूर बसतो. पाटीवरचा कन्नड शब्द सांगायचाच असेल तर देवनागरीत लिहा.

आणि दत्ताकाकांनी "ग्राफिक" म्हटलं ते लक्षात घ्या. चित्र आहे हे यंत्र आपणहून सांगतं. म्हणून "चा फोटो", "चे छायाचित्र" असली शेपटी लावू नका.

काळी_माती

जुना कृष्णधवल फोटो असेल तरी?

अनघा_टिळकवाडी

जुनेपणाच सांगायचा असेल तर लिहा. रेखाचित्र किंवा नकाशा असेल तर तेही लिहा, कारण ऐकणाऱ्याला ते एरवी कळणार नाही.

पारावरची_वाचक

चार दिवसांनी परत आले. भाषा दुरुस्त झाली, ओळ खरंच इंग्रजीचीच होती. ६४ पैकी ४१ वाक्यं नव्याने लिहिली. माझी पद्धत आता अशी झालीय. आधी शेजारचा मजकूर वाचते, मग फोटो पालथा घालून नातीला तोंडी सांगते, काय होतं ते. तोंडातून जे पहिलं येतं त्यात कर्ता आपोआप पुढे असतो. लिहायला बसलं की तो मागे पळतो.

माठवाल्या फोटोला अनघाचं वाक्य घेतलं, पण "हिरव्या इरकलीतली" आत घातलं. दत्ताभाऊ, माफ करा. मी ते दोनदा काढलं आणि दोनदा परत घातलं.

एक विचारायचं होतं. बुरुडाच्या फोटोला असं लिहिलंय: "बुरूड पायाच्या अंगठ्यात बांबूची कांबट धरून कोयत्याने ती उभी चिरतो आहे." बरोबर वाटतं का?

निपाणीचा_दत्ता

साडी राहू दे ताई, दोन शब्दांनी मी हरवलो नाही.

बुरूड चांगला आहे. पायाचा अंगठा ऐकून मी माझा अंगठा हलवून बघितला, कळलं कसं धरलंय ते. फक्त "ती" वर क्षणभर अडलो, कांबट की कोण, असं झालं. "कांबट पायाच्या अंगठ्यात धरून कोयत्याने उभी चिरतो आहे" केलं तर "ती" लागणारच नाही.

जांबोटी_रोड

साडीबद्दल आभार, ताई. :)

पारावरची_वाचक

"ती" काढली.

निपाणीचा_दत्ता

आणखी एक. बाकीचे ऐकत पुढं गेलो तर १४ नंबरवर "लिंक, ग्राफिक, आयएमजी" आणि पुढं आकड्यांची माळ आली. त्या फोटोला ऑल्ट राहिलंय. फोटोवर मोठा करून बघायची लिंक आहे, म्हणून फाईलचं नाव वाचून दाखवतोय. कशाचा आहे हो तो?

पारावरची_वाचक

घोंगडीचा. विणणारा माग सोडून उठलाय आणि अर्धी घोंगडी मागावर तशीच आहे. रात्री लिहून टाकते, सकाळी ऐकून सांगा.